एका पंगतीतले शब्द

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या ओकहर्स्ट डेअरीच्या दूध पोहोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी जादा कामाच्या पैशांसाठी कंपनीवर दावा लावला. आठवड्याला 40 तासांपुढे काम केले तर दीडपट मजुरी, असा त्या राज्याचा कायदा. मात्र नाशवंत अन्नाशी संबंधित काही कामे कायद्याने या सवलतीतून वगळली होती. त्या कामांची यादी अशी: डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकवणे, गोठवणे, सुकवणे, विक्रीव्यवस्था करणे, साठवणे आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. या शेवटच्या पाच शब्दांवर सगळा दावा उभा राहिला.

कंपनी म्हणाली, इथे दोन कामे आहेत. रवानगीसाठी माल बांधणे हे एक आणि वितरण हे दुसरे. ड्रायव्हर वितरण करतात, म्हणून त्यांना दीडपट मजुरी लागू नाही. ड्रायव्हर म्हणाले, काम एकच आहे, ते म्हणजे माल बांधणे. तो रवानगीसाठी बांधा किंवा वितरणासाठी. आम्ही माल बांधत नाही, फक्त पोहोचवतो, तेव्हा आम्ही या यादीत येतच नाही. इंग्रजीत आपला 'साठी' आधी येतो आणि नामे त्याच्या मागून येतात. त्यामुळे त्या 'साठी'ची हद्द 'रवानगी'पाशी संपते की 'वितरण'लाही पोटात घेते, हे नुसते वाचून ठरत नाही.

हा खटला स्वल्पविरामाचा खटला म्हणून जगभर गाजला, कारण 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम असता तर वाद मिटला असता. पण मला त्यातला ड्रायव्हरांचा दुसरा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. यादीतल्या प्रत्येक कामाच्या शब्दाला इंग्रजीत 'इंग' लागलेले होते: कॅनिंग, प्रोसेसिंग, फ्रीझिंग, स्टोअरिंग, पॅकिंग. 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' या दोघांना ते नव्हते. ते दोघे एकमेकांसारखे दिसत होते आणि बाकीच्यांपेक्षा वेगळे. वितरण हे खरोखर यादीतले स्वतंत्र काम असते, तर कायदा लिहिणाऱ्याने 'डिस्ट्रिब्यूटिंग' लिहिले असते. सारख्या रूपाचे शब्द एका पंगतीत बसतात, हा भाषेचा साधा नियम त्यांनी कोर्टापुढे ठेवला. कंपनीकडेही उत्तर होते: यादीच्या शेवटच्या कामाआधी 'किंवा' यायला हवा, आणि तो तर 'वितरण'च्याच आधी आहे. 2017 च्या मार्चमध्ये अपील कोर्टाने दोन्ही अर्थ संभवतात असे म्हटले, आणि कायदा कामगारांच्या हितासाठी असल्याने संदिग्धतेचा फायदा ड्रायव्हरांना दिला. पुढच्या वर्षी कंपनीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली. दरम्यान विधिमंडळाने कलम नव्याने लिहिले. यादीत जागोजागी अर्धविराम घातले, आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चे 'डिस्ट्रिब्यूटिंग' केले.

मी गेली कित्येक वर्षे मराठी मजकूर तपासण्याचे काम करते. त्या कलमात जी गफलत होती, तिची मराठी भावंडे माझ्या टेबलावर रोज येतात. सर्वांत नेहमीची म्हणजे सूचनांची यादी. पावसाळ्यात लागणाऱ्या फलकाचा हा मसुदा पाहा: 'पाणी उकळून प्यावे, उघड्यावरचे अन्न खाऊ नका, जेवणापूर्वी हात धुणे, ताप आल्यास त्वरित दवाखान्यात जावे.' चार सूचना आहेत आणि क्रियापदांची रूपे तीन. 'प्यावे' आणि 'जावे' हा सल्ला झाला, 'खाऊ नका' ही समोरच्याला केलेली आज्ञा, आणि 'धुणे' हे तर नुसते कामाचे नाव. अर्थ कळतो, पण वाचणारा प्रत्येक स्वल्पविरामाशी अडखळतो, कारण आपल्याशी कोण कोणत्या नात्याने बोलते आहे ते दर वेळी बदलते. एकच रूप धरायचे: 'पाणी उकळून प्या, उघड्यावरचे अन्न खाऊ नका, जेवणापूर्वी हात धुवा, ताप आल्यास लगेच दवाखान्यात जा.' फलकावर मी नेहमी हेच आज्ञार्थी रूप ठेवते, कारण ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे बोलते. नियमावली असेल तर 'प्यावे, खाऊ नये, धुवावेत' हे रूप शोभते. कोणतेही घ्या, पण शेवटपर्यंत तेच ठेवा.

यादीत विभक्तीचा प्रत्यय लावतानाही असेच होते. 'शाळा, महाविद्यालये आणि कार्यालयांना सुट्टी' असे आपण सर्रास लिहितो. 'ना' फक्त शेवटच्या शब्दाला लागला आहे आणि आधीचे दोघे तसेच उघडे राहिले आहेत. बोलताना हे खपते, त्याला मी चूक म्हणणार नाही. पण छापायच्या मजकुरासाठी मराठीने एक सुंदर सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे 'यांना': 'शाळा, महाविद्यालये आणि कार्यालये यांना सुट्टी.' तिन्ही शब्द एका रूपात येतात आणि प्रत्यय सगळ्यांच्या वतीने 'यां'ला लागतो. यादी कुठे संपली तेही त्यातून कळते. इंग्रजीत यादी बंद करणारा असा शब्द नाही. मेनचे ते कलम मराठीत असते, तर 'रवानगी किंवा वितरण यांसाठी माल बांधणे' एवढे लिहून भागले असते.

जोडशब्दांचे प्रकरण मात्र जास्त नाजूक आहे. केवळ आणि नव्हे तर, ना आणि ना, एकतर आणि किंवा, या जोड्या तराजूच्या दोन पारड्यांसारख्या असतात. एका पारड्यात जे टाकाल, त्याच जातीचे दुसऱ्यात टाकावे लागते. बातम्यांतून आणि पत्रकांतून हमखास भेटणारे एक वाक्य घेऊ: 'या योजनेचा लाभ केवळ शेतकऱ्यांनाच नव्हे, तर शेतमजूरही घेऊ शकतील.' भरभर वाचले तर काही खटकत नाही. आता मधली जोडी काढून एकेक अर्धे वाचा. 'या योजनेचा लाभ शेतमजूर घेऊ शकतील' हे ठीक आहे. 'या योजनेचा लाभ शेतकऱ्यांना घेऊ शकतील' हे मात्र मराठीच नाही. पहिल्या अर्ध्याला 'मिळेल' हवे होते आणि दुसऱ्याने 'घेऊ शकतील' आणले. असे का होते? मराठीत क्रियापद शेवटी येते. वाक्य सुरू करताना मनात 'मिळेल' असते, पण 'नव्हे तर' ओलांडून टोकाला पोहोचेपर्यंत सुरुवातीचा 'ना' विसरलेला असतो आणि लेखणीला जवळचे क्रियापद सापडते. दुरुस्ती दोन्हीकडून करता येते: 'लाभ केवळ शेतकऱ्यांनाच नव्हे, तर शेतमजुरांनाही मिळेल', किंवा 'लाभ केवळ शेतकरीच नव्हे, तर शेतमजूरही घेऊ शकतील'.

एकेक अर्धे वाचून पाहण्याची ही कसोटी फार कामाची आहे, पण तिला एक मर्यादा आहे. 'त्यांनी केवळ विहीरच नव्हे, तर तळेही खोदले' या वाक्यात पहिले अर्धे 'विहीर खोदले' असे निघते. ही चूक नाही. मराठी क्रियापद आपल्या जवळच्या नामाचे लिंग घेते, आणि इथे जवळ तळे आहे. लिंगवचन जुळले नाही तर सोडून द्या, पण विभक्ती किंवा क्रियापदच जुळत नसेल तर वाक्य मोडायला घ्या.

याच वाक्याचे एक बिघडलेले रूपही बरेचदा दिसते: 'त्यांनी केवळ विहीरच खोदली नाही, तर तळेही.' पहिल्या पारड्यात अख्खी क्रिया आहे आणि दुसऱ्यात नुसती वस्तू. मराठीने इथे दोन वेगळे नकार हाताशी दिले आहेत, आणि इंग्रजीच्या एकट्या 'नॉट'पेक्षा ते जास्त नेमके आहेत. दोन वस्तूंची जोडी असेल तर 'नव्हे' वापरावा: विहीरच नव्हे, तर तळेही. दोन क्रियांची जोडी असेल तर 'नाही' वापरावा: 'त्यांनी विहीर केवळ खोदली नाही, तर ती सगळ्या गावाला खुलीही केली.' 'केवळ' कुठे बसला आहे तेही पाहा. आता तो विहिरीआधी नाही, 'खोदली'च्या आधी आहे, कारण तुलना खोदण्याची आणि खुली करण्याची आहे.

जागेचा हा नियम 'ना, ना' या जोडीत सर्वांत स्पष्ट दिसतो. 'त्यांनी ना उत्तर दिले, ना पैसे परत मिळाले.' पहिल्या 'ना'च्या आधी जे येते ते दोन्ही अर्ध्यांचे असते. इथे 'त्यांनी' बाहेर राहिला, म्हणून दुसरे अर्धे 'त्यांनी पैसे परत मिळाले' असे होते. 'ना' एक घर अलीकडे सरकवला की काम झाले: 'ना त्यांनी उत्तर दिले, ना पैसे परत मिळाले.' एकही शब्द बदललेला नाही.

'एकतर' आणि 'किंवा' यांत जागा चुकली तर माणसाला हेलपाटा पडतो. आमच्या शेजारच्या काकू एका दाखल्यासाठी गेल्या होत्या. भिंतीवर लिहिले होते: 'सोबत रहिवासाचा दाखला आणि शिधापत्रिका किंवा वीजबिल जोडावे.' काकूंनी वीजबिल नेले. त्यांच्या वाचनात दाखला आणि शिधापत्रिका हा एक पर्याय होता आणि वीजबिल हा दुसरा. खिडकीतल्या बाईंच्या मते दाखला सक्तीचा होता आणि पुढच्या दोघांपैकी एक हवे होते. दोघीही वाक्य बरोबरच वाचत होत्या. घरी येऊन काकूंनी मला विचारले, माझे काय चुकले? मी कागदावर ते वाक्य दोन तऱ्हांनी लिहून दाखवले. एक: 'एकतर रहिवासाचा दाखला आणि शिधापत्रिका, किंवा फक्त वीजबिल.' दुसरे: 'रहिवासाचा दाखला, आणि त्यासोबत शिधापत्रिका किंवा वीजबिल यांपैकी एक.' काकूंनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवले, कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, उद्या दाखला घेऊन जाते तेव्हा हेही त्या बाईंना देते, त्यांना भिंतीवर लावता येईल.