क्लोरीन भलत्याच कार्बनवर

३-मेथिल-१-ब्युटीन हा पाच कार्बनांचा साधा अल्कीन. चार कार्बनांची साखळी, पहिल्या दोघांत दुहेरी बंध आणि तिसऱ्यावर बाजूला एक मेथिल गट. त्यावर हायड्रोजन क्लोराइडची क्रिया केली, तर मार्कोव्हनिकोव्हच्या नियमानुसार हायड्रोजन पहिल्या कार्बनवर आणि क्लोरीन दुसऱ्यावर बसायला हवा. तसे संयुग मिळतेही. पण त्याच फ्लास्कमध्ये दुसरेही संयुग भरपूर सापडते आणि त्यात क्लोरीन तिसऱ्या कार्बनवर असतो. तिथे तर दुहेरी बंध कधी नव्हताच!

याचे कारण मधल्या टप्प्यात आहे. आम्लाचा प्रोटॉन पहिल्या कार्बनला चिकटला की दुसऱ्या कार्बनवर धनभार उरतो. असा धनभारित कार्बन असलेल्या कणाला कार्बोकॅटायन म्हणतात. धनभारित कार्बनला जितके जास्त कार्बन जोडलेले, तितका तो स्थिर. इथे दुसऱ्या कार्बनला दोनच कार्बन जोडलेले आहेत. शेजारच्या तिसऱ्यावर मात्र भार गेला, तर त्याला तीन कार्बनांचा आधार मिळेल. म्हणून तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन आपली इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन दुसऱ्यावर सरकतो आणि धनभार तिसऱ्यावर जातो. हेच हायड्राइड स्थलांतर. क्लोराइड आयन मग तिथे जोडला जातो.

सगळेच रेणू मात्र असे वागत नाहीत. हायड्राइड सरकण्याआधीच क्लोराइडने गाठले, तर नियमाप्रमाणेच संयुग तयार होते. ही शर्यत असल्यामुळे मिश्रण मिळते.

तिसऱ्या कार्बनवर हायड्रोजनच नसेल तर? ३,३-डायमेथिल-१-ब्युटीनमध्ये नेमके तसेच आहे. तिथे एक अख्खा मेथिल गट इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह दुसऱ्या कार्बनवर जातो. परिणामी रेणूचा सांगाडाच बदलतो: आधी दोन मेथिल एकाच कार्बनवर होते, आता शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर एकेक दिसतो. अशा सगळ्या स्थलांतरांमागे एकच यंत्रणा आहे, असे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे रसायनशास्त्रज्ञ फ्रँक व्हिटमोर यांनी १९३२ साली मांडले.

झालेला बदल ओळखायला प्रोटॉन एनएमआर पुरतो. पहिल्या उदाहरणात क्लोरीन दुसऱ्या कार्बनवर असेल, तर त्याच कार्बनवरच्या एकट्या हायड्रोजनचा संकेत चार पीपीएमच्या आसपास दिसतो. स्थलांतर झालेल्या संयुगात क्लोरीनच्या कार्बनवर हायड्रोजन नसतो, त्यामुळे हा संकेत नाहीसा होतो. दोन्ही संयुगे एकत्र असतील, तर संकेतांच्या क्षेत्रफळांवरून त्यांचे प्रमाणही काढता येते.

स्थलांतर होते ते शेजारच्याच कार्बनवरून, आणि नवा धनभार अधिक स्थिर होणार असेल तरच सहजी होते. १-ब्युटीनमध्ये शेजारी सरकून काहीच मिळवण्यासारखे नाही, म्हणून तिथे मुख्य संयुग २-क्लोरोब्युटेनच राहते. पेरॉक्साइडच्या उपस्थितीत हायड्रोजन ब्रोमाइड वापरला, तर कार्बोकॅटायन तयारच होत नाही. क्रिया मुक्त मूलकांच्या मार्गाने जाते आणि ब्रोमीन पहिल्या कार्बनवर बसतो, अशी सरकासरक न होता.