नोटिशीचं दुसरं पान

प्राप्तिकराची नोटीस हल्ली घरात येते ती बहुधा फोटोच्या रूपात. गावाकडच्या पत्त्यावर पाकीट आलेलं असतं, कुणीतरी ते फोडून पहिल्या पानाचा फोटो काढतं आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतं. खालची कडा कापलेली असते, वर ट्यूबलाइटची तिरीप असते. मग मामा, भाचे, शेजारचे अकाउंटंट त्या एका पानावरून अंदाज बांधू लागतात. उत्तराला लागणारा मजकूर मात्र बऱ्याचदा दुसऱ्या पानावर किंवा वेगळ्या जोडपत्रात असतो.

नेहमी दिसणारं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एका गृहिणीच्या नावे ही नोटीस आहे. त्यांनी कधी विवरणपत्र भरलेलं नाही, कारण तेवढं उत्पन्नच नव्हतं. ऑगस्ट २०२१मध्ये नवरा-बायकोच्या नावे ४२ लाखांचा फ्लॅट घेतला. नोटिशीवर तारीख १२ मार्च २०२६, कलम १४८ए(१), कर निर्धारण वर्ष २०२२-२३. उत्तराची मुदत २७ मार्चपर्यंत.

सर्वांत आधी नोटीस खरी आहे का, ते पाहावं. पानाच्या वरच्या भागात एक लांबलचक क्रमांक असतो. तो ITBA या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यातच कागदाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन असतो. प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन न करताही Authenticate Notice/Order Issued by ITD या दुव्यावर तो क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकून ओटीपीने पडताळणी होते. फोटोत शेवटचे दोन-तीन आकडे पुसट असतील तर अंदाजाने टाकू नका, पुन्हा फोटो मागवा. आणि फोटो मागवताच आहात तर सगळ्या पानांचा मागवा.

आता कलम. १४८ए(१) ही कराची मागणी नाही, दंडही नाही. ‘तुमचं काही उत्पन्न करातून सुटलं असावं, असं सूचित करणारी माहिती आमच्याकडे आहे. मग तुमची जुनी फाइल कलम १४८खाली का उघडू नये, ते सांगा,’ एवढंच अधिकारी विचारतो. म्हणजे दार अजून उघडलेलं नाही आणि ते उघडू नये असं कागदांनिशी म्हणण्याची हीच जागा आहे. १ एप्रिल २०२६पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झाला, तरी जुन्या वर्षांच्या प्रकरणांना १९६१च्या कायद्याचीच कलमं लागतात. त्यामुळे नव्या कायद्यात हा आकडा शोधत बसू नये.

ही माहिती खात्याकडे गेली कुठून? दुय्यम निबंधकाकडून. २०२१मध्ये तीस लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची नोंद झाली की निबंधक कार्यालय ती खात्याला कळवत असे. दस्तावर दोघांचे पॅन असतील तर बऱ्याचदा पूर्ण ४२ लाख दोघांच्याही नावापुढे दिसतात. बाईंच्या पॅनवर विवरणपत्र एकही नाही आणि खरेदी मात्र ४२ लाखांची. संगणकाला एवढं पुरतं.

ही नोटीस मार्चमध्येच का आली, यालाही कारण आहे. सुटलेलं उत्पन्न पन्नास लाखांपेक्षा कमी असेल, तर कर निर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षांनंतर १४८एची नोटीस काढता येत नाही. २०२२-२३ हे वर्ष ३१ मार्च २०२३ला संपलं, म्हणजे खात्याची मुदत ३१ मार्च २०२६ला संपत होती. तुमच्या नोटिशीवरची तारीख या हिशेबात बसते का, हे मोजून पाहावं. रक्कम पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर हीच मुदत पाच वर्षं होते.

वर्षाच्या घोळात मात्र भलेभले अडकतात. कर निर्धारण वर्ष २०२२-२३ म्हणजे व्यवहाराचं वर्ष १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२२. बँकेत जाऊन लोक २०२२-२३चा खातेउतारा आणतात आणि त्यात फ्लॅटची एकही नोंद सापडत नाही.

आपल्या उदाहरणातले ४२ लाख असे उभे राहिले: २७ लाख गृहकर्ज, ते बँकेने थेट बिल्डरला दिलं. ८ लाख नवऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीतून. ५ लाख इसार, नवऱ्याच्या खात्यातून फेब्रुवारी २०२१मध्ये. आणि २ लाख बाईंच्या मुदत ठेवीचे. इसाराची तारीख पाहा. ते पाच लाख आधीच्या आर्थिक वर्षातले आहेत, म्हणजे या नोटिशीच्या वर्षात ती गुंतवणूक झालेलीच नाही. हे उत्तरात स्पष्ट लिहायचं आणि त्या आधीच्या वर्षाचाही उतारा जोडायचा.

कागद या रकमांच्या मागोमाग येतात. नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, कर्जमंजुरीचं पत्र आणि कर्जखात्याचा उतारा, निधी काढल्याचा कागद आणि ती रक्कम खात्यात जमा झाल्याची नोंद, नवऱ्याचा पॅन आणि त्या वर्षाचं त्याचं विवरणपत्र. हप्ते त्याच्याच खात्यातून जात असतील तर तेही दाखवावं. बाईंच्या दोन लाखांकडे विशेष लक्ष द्यावं, कारण ४२ पैकी खऱ्या अर्थाने त्यांचे तेवढेच. ठेव जुनी असेल तर मूळ पावती किंवा बँकेचं पत्र हवं. ती मोडण्याच्या महिनाभर आधी रोख भरून केलेली असेल तर ती रोख कुठली, हा पुढचा प्रश्न येणारच. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी ४२ लाखांच्या बाहेर असते, तीही कोणी भरली ते एका ओळीत सांगून टाकावं.

‘मी गृहिणी आहे, मला उत्पन्न नाही, कृपया प्रकरण बंद करावे’ एवढंच लिहिलेलं उत्तर मात्र उलटतं. उत्पन्न नाही तर पैसे आले कुठून, हाच तर अधिकाऱ्याचा प्रश्न आहे. स्रोत पटला नाही तर रक्कम कलम ६९खाली अस्पष्टीकृत गुंतवणूक ठरू शकते आणि त्या वर्षासाठी अधिभार व उपकर धरून कराचा दर ७८ टक्के आहे. इसार वगळला तरी ३७ लाखांवर तो २८ लाख ८६ हजार होतो, व्याज वेगळं.

उत्तर बाईंच्याच पॅनच्या लॉगिनमधून जायला हवं, नवऱ्याच्या नव्हे. खातं नसेल तर आधी नोंदणी करावी लागते आणि पॅन काढताना एजंटने स्वतःचा ईमेल दिला असेल तर तिथेच एक-दोन दिवस जातात. लॉगिन झालं की Pending Actions मध्ये e-Proceedings उघडावं. जोडपत्राची पीडीएफ बहुधा तिथे मिळते आणि शेवटची तारीखही दिसते. पाकीट उशिरा हातात पडलं म्हणून ती आपोआप पुढे सरकत नाही. कागद गोळा होत नसतील तर मुदत संपण्याआधीच तिथून कारण देऊन वेळ मागावा. साठ पानांचा उतारा तसाच चिकटवण्यापेक्षा पानांना क्रमांक द्यावेत, संबंधित नोंदींवर खूण करावी आणि पत्रात ‘२७ लाख, पान १४’ असं लिहावं. सादर केल्यावरची पोच जपून ठेवावी.

उत्तर वाचून अधिकारी वरिष्ठांच्या मंजुरीने १४८ए(३)खाली लेखी आदेश काढतो. पुढे जाण्याजोगं प्रकरण नाही असं त्यात असेल तर विषय तिथेच थांबतो. नाहीतर १४८ची नोटीस येते आणि तीत दिलेल्या मुदतीत त्या वर्षाचं विवरणपत्र भरावं लागतं. याच दिवसांत नवऱ्याचंही लॉगिन उघडून पाहावं, कारण तोच फ्लॅट त्याच्या पॅनवरही नोंदलेला आहे.