शंभर हा आकडा कुठे राहतो?

असॉल्टक्यूब हा फुकट मिळणारा गोळीबाराचा गेम. इंटरनेट नसलं तरी बॉट्सविरुद्ध एकट्यानं खेळता येतो. पडद्याच्या खालच्या बाजूला तुमची हेल्थ दिसते, 100. तो आकडा त्याच क्षणी रॅममध्ये कुठंतरी चार बाइटांत लिहिलेला असतो, आणि तो चक्क हुडकून काढता येतो!

त्यासाठी Cheat Engine हा प्रोग्रॅम चालू गेमला जोडायचा, 100 लिहून First Scan दाबायचं. रॅममधले पत्ते निघतात ढिगानं, कारण 100 हा आकडा आणखी कशाकशासाठी वापरलेला असतो. आता बॉटची गोळी खायची. हेल्थ 82 झाली की 82 लिहून Next Scan. मघाशी 100 आणि आत्ता 82 असलेलेच पत्ते उरतात. असं दोनचारदा केलं की मोजकेच पत्ते शिल्लक राहतात. त्यातला खरा कोणता? एकेकात 999 लिहून पाहायचं. नुसती नक्कल असेल तर गेम तिथं लगेच जुना आकडा परत लिहितो. खऱ्यात लिहिलं तर पुढची गोळी 999 मधून वजा होते.

मग Active च्या चौकटीत टिक केली की आकडा गोठतो. पण कुलूप कसलंच लागत नाही. Cheat Engine ठरावीक अंतरानं, सहसा दर 100 मिलिसेकंदांनी, तोच आकडा पुन्हा लिहीत राहतं. म्हणूनच 100 वर गोठवलेला खेळाडूही एकाच जबर फटक्यानं मरू शकतो: वजाबाकी होताक्षणी गेम मृत्यू तपासतो, भरपाई नंतर पोचते. (दुसऱ्यांबरोबर ऑनलाइन खेळताना तर हिशेब सर्व्हरकडे असतो, तिथं हे चालतच नाही.)

गेम बंद करून पुन्हा उघडला की त्याच पत्त्यावर भलतंच काही सापडतं. खेळाडूची सगळी माहिती गेम सुरू झाल्यावर मागून घेतलेल्या जागेत ठेवली जाते, आणि ती जागा दर वेळी वेगळी मिळू शकते. शिवाय विंडोज व्हिस्टापासून हल्लेखोरांना अंदाज येऊ नये म्हणून अनेक प्रोग्रॅम मुद्दामच वेगवेगळ्या पत्त्यांवर चढवले जातात.

मग खुद्द गेमला खेळाडू कसा सापडतो? मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. रॅममध्ये चढवलेल्या गेमच्या प्रोग्रॅममध्येच एक ठरलेली जागा असते, तिच्यात खेळाडूचा आजचा पत्ता लिहिलेला असतो. 1.2.0.2 या आवृत्तीत ती अशी:

```
[ac_client.exe+10F4F4] + F8
```

म्हणजे रॅममध्ये ac_client.exe जिथं चढवलाय तिथल्या सुरुवातीपासून 10F4F4 इतकं पुढं जायचं, तिथला पत्ता वाचायचा, त्यात F8 मिळवायचे, की हेल्थ. (आकडे सोळा पायाच्या पद्धतीतले.) खेळाडूचं बिऱ्हाड कुठंही हलो, त्याच्या सुरुवातीपासून हेल्थपर्यंतचं अंतर तेवढंच राहतं, कारण ते कंपायलरनं आधीच ठरवलेलं असतं. नव्या आवृत्तीत मात्र एखादी जादा नोंद मध्ये घुसली, की F8 बदलतं आणि शोध पुन्हा First Scan पासून.