जनरलचं तिकीट दिवसभर चालत नाही

‘सकाळीच काढून ठेव, दिवसभर कुठल्याही गाडीला चालतं.’ पुणे स्टेशनच्या रांगेत हा सल्ला आजही मिळतो. देणारा अनुभवी असतो, वयानेही मोठा असतो आणि चुकीचा असतो. हा सल्ला एकेकाळी खरा होता. 1 मार्च 2016 पासून रेल्वे मंत्रालयाने नियम बदलला. सल्ला मात्र तसाच राहिला.

नियम अंतरावर ठरतो. 199 किलोमीटरपर्यंतचं अनारक्षित तिकीट प्रवासाच्या दिवशीच मिळतं. ते काढल्यापासून तीन तासांच्या आत किंवा त्या ठिकाणी जाणारी पुढची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतलं जे नंतर येईल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. तीन तास सुरू करायला आहेत, पोचायला नाहीत. या ‘जे नंतर येईल’मध्ये प्रवाशाची सोय आहे: आडगावच्या स्टेशनवर पुढची गाडी पाच तासांनी असेल, तर तिकीट त्या गाडीपर्यंत जिवंत राहतं. 200 किलोमीटर आणि त्यापुढचं तिकीट तीन दिवस आधीही काढता येतं, पण ज्या तारखेचं काढलं त्याच तारखेला निघायचं.

आता गंमत बघा. पुणे ते मुंबई अंतर 192 किलोमीटर, नाशिक रोड ते मुंबई 187. म्हणजे आपल्याकडचे सगळ्यात गजबजलेले हे दोन्ही प्रवास तीन तासांच्या नियमात अडकतात. पुणे–कोल्हापूर 300 किलोमीटरच्या पुढे, म्हणून ते सुटतं. समजा, तुम्ही सकाळी दहाला पुण्यात मुंबईचं तिकीट काढलं, गावातली कामं उरकली आणि संध्याकाळी इंद्रायणीत चढलात. पहिली गाडी कधीच गेली, एक वाजताच तीन तासही संपले. तिकिटावर काढल्याची वेळ छापलेली असते. टीसी आधी तीच बघतो. तुम्ही विनातिकीट ठरता: भाडं आणि वर रेल्वे कायद्याच्या कलम 138 प्रमाणे किमान 250 रुपये. ‘दिवसभर चालतं’ म्हणणारे काका तेव्हा शेजारी नसतात.

तीन तास इतके ताणून धरायचं कारणही आहे. जवळच्या प्रवासाचं तिकीट एकाने वापरायचं, बाहेर पडल्यावर दुसऱ्याला विकायचं, असा धंदा चालायचा. त्याला आळा घालायला ही मुदत आली.

‘कुठल्याही गाडीला’ हा सल्ल्याचा उरलेला अर्धा भागही तितकाच कच्चा. तिकीट घेताना खिडकीवर गाडीचा प्रकार सांगावा लागतो: साधारण, मेल-एक्स्प्रेस की सुपरफास्ट. साधारणच्या तिकिटावर एक्स्प्रेसमध्ये बसता येत नाही आणि एक्स्प्रेसच्या तिकिटावर सुपरफास्टमध्ये बसायचं तर जास्तीचा सुपरफास्ट अधिभार लागतो, जनरलला 15 रुपये. ओळख सोपी आहे. गाडीचा नंबर 12, 20 किंवा 22 ने सुरू झाला, तर ती सुपरफास्ट. पुण्याहून मुंबईला सुटणारी डेक्कन एक्स्प्रेस 11008, म्हणजे साधी एक्स्प्रेस. डेक्कन क्वीन 12124 आणि इंद्रायणी 22106, म्हणजे सुपरफास्ट. 15 रुपये वाचवायला निघून 250 चा दंड भरणारे लोक मी कमी पाहिलेले नाहीत. नंबर पाहून जनरल डबा आहे की नाही हे मात्र कळत नाही. वंदे भारत, राजधानी, शताब्दी, तेजस यांत जनरल डबाच नसतो, त्यामुळे तिथे हे तिकीट निरुपयोगी.

‘डब्यात बसायचंच आहे ना, मग डी-वन काय नि जनरल काय?’ असं नाही. सेकंड सीटिंगचे डी डबे आरक्षित असतात. बाकं सारखी दिसतात म्हणून तिकीट सारखं होत नाही.

फोनवरून काढण्याबद्दलचे समज नवे आहेत. आता रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवरून जनरलचं तिकीट निघतं. फोनचं लोकेशन चालू लागतं आणि पेपरलेस तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही, कारण टीसी दिसल्यावर घाईने तिकीट काढणाऱ्यांसाठीच ती अट आहे. स्टेशनात पोचल्यावर काढायचं असेल, तर तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करायचा. घरी बसूनही काढता येतं, पण घड्याळ तेव्हापासूनच चालू होतं, हे विसरू नका.

‘मुलाने काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय,’ हे वाक्य डब्यात फार ऐकू येतं. स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. ज्या फोनवर काढलं त्याच फोनच्या अ‍ॅपमध्ये ते उघडून दाखवावं लागतं. फोन बंद पडला, तर टीसीच्या लेखी तुमच्याकडे तिकीट नाही. पेपरलेस तिकीट रद्दही होत नाही. आई-वडिलांना एकटं पाठवताय? त्यांना खिडकीवरचं कागदी तिकीट काढून द्या, किंवा त्यांच्याच फोनवर काढायला शिकवा.