भाड्याचे पोकलेन : करारातील चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

विहीर, रस्ता, पाया किंवा कालवा यांच्या खोदकामासाठी लागणारे पोकलेन, म्हणजे चेनवर चालणारे खोदकामाचे यंत्र, बहुतेक ठेकेदार विकत न घेता मासिक भाड्याने आणतात. त्या भाड्यात यंत्र आणि ऑपरेटर मालकाचे असतात, तर डिझेल कामाच्या जागेचे, म्हणजे ठेकेदाराचे असते. अनेकदा हा व्यवहार दर आणि तास एवढ्यावरच तोंडी ठरतो, आणि यंत्र बंद पडल्यावर, अपघात झाल्यावर किंवा महिनाअखेरीस बिल हाती आल्यावर कोणी काय सोसायचे याविषयी दोन्ही बाजूंचे समज वेगवेगळे असल्याचे उघड होते. विशिष्ट हेतूने वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि हेतू साधल्यावर ती परत घेणे या व्यवहाराला कायद्यात बेलमेंट म्हणतात व भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १४८ पासून पुढे त्याचे नियम दिलेले आहेत. ऑपरेटरसह दिलेल्या यंत्राचा ताबा पूर्णपणे ठेकेदाराकडे जातो की नाही, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. तरीही करारात जे लिहिलेले नाही ते कोणत्या तत्त्वाने ठरवावे, याची सर्वांत स्पष्ट दिशा या नियमांतूनच मिळते.

गैरसमज १ : यंत्र ज्याच्या कामावर बंद पडले, दुरुस्ती त्याची.

वस्तुस्थिती : दुरुस्तीचा खर्च बिघाडाच्या जागेवरून नव्हे, तर त्याच्या कारणावरून ठरतो. कलम १५० नुसार भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे नुकसान झाल्यास तो दोष मालकाला ठाऊक असो वा नसो, तो जबाबदार राहतो. त्यामुळे ‘देताना मशीन चालू होते’ एवढे म्हणून मालकाची सुटका होत नाही. दुसऱ्या बाजूने, कलम १५१ ठेकेदारावर एवढेच बंधन घालते की सामान्य समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जी काळजी घेईल, ती त्याने घ्यावी. तशी काळजी घेऊनही वस्तूचे नुकसान झाले, तर वेगळा करार नसल्यास कलम १५२ प्रमाणे तो भरपाईला बांधील नाही.

हे तत्त्व प्रत्यक्षात लावायचे, तर बिघाडाचा पुरावा दुरुस्तीआधी जपावा लागतो. हायड्रॉलिक होज, म्हणजे दाबाखालील तेल वाहून नेणारा रबरी पाइप, धातूच्या टोकाशी भेगाळून फुटला असेल किंवा हायड्रॉलिक फिल्टरमध्ये धातूचा कीस सापडला असेल, तर कारण बहुधा जुन्या झिजेत असते आणि तो भार मालकाचा ठरतो. याउलट डिझेलमधील पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या भांड्यात पाणी साचलेले दिसले आणि इंजेक्टर खराब झाले, तर बोट ठेकेदाराने पुरवलेल्या डिझेलकडे जाते. म्हणून काढलेला फिल्टर आणि डिझेलचा नमुना दोघांच्या समक्ष बाजूला ठेवणे, त्यांची छायाचित्रे घेणे आणि मगच मेकॅनिकला काम सुरू करू देणे ही पद्धत करारात लिहावी.

बिघाडाचा दुसरा परिणाम म्हणजे यंत्र बंद असताना रिकामे उभे राहिलेले टिपर आणि मजूर. या नुकसानीबाबत कलम ७३ दूरान्वयाने उद्भवणाऱ्या हानीची भरपाई देत नाही. जी हानी करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवते किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक होती, तेवढीच ते मान्य करते. त्यामुळे बिघाड किती तासांत दुरुस्त व्हावा आणि न झाल्यास मालकाने बदली यंत्र केव्हा द्यावे, हे आधी ठरवणे ठेकेदारासाठी नंतर भरपाई मागण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे असते. यंत्राचा विमा आहे म्हणून निश्चिंत राहणेही बरोबर नाही, कारण बांधकाम यंत्रसामग्रीच्या विमा पॉलिसीत अपघाती नुकसान धरलेले असले, तरी यंत्राचा आतून झालेला यांत्रिक किंवा विद्युत बिघाड सामान्यतः वगळलेला असतो.

गैरसमज २ : ऑपरेटरचा पगार मालक देतो, म्हणून त्याची प्रत्येक चूक मालकाची.

वस्तुस्थिती : पगार कोण देतो हा एक पुरावा आहे, निर्णायक कसोटी नव्हे, काम कसे करायचे हे सांगण्याचा अधिकार त्या वेळी कोणाकडे होता, हे न्यायालय पाहते. इंग्लंडमधील मर्सी डॉक्स विरुद्ध कॉगिन्स अँड ग्रिफिथ या १९४६ च्या खटल्यात बंदर मंडळाने चालकासह क्रेन भाड्याने दिली होती आणि चालक भाडेकरूचा नोकर समजला जाईल असे करारात लिहिले होते. चालकाच्या निष्काळजीपणाने एक जण जखमी झाल्यावर हाउस ऑफ लॉर्ड्सने जबाबदारी मात्र बंदर मंडळावरच टाकली, कारण कोणता माल उचलायचा हे भाडेकरू सांगत असला, तरी क्रेन कशी चालवायची यावर त्याचा ताबा नव्हता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळ विरुद्ध कैलाशनाथ कोठारी या खटल्यात नियंत्रणाचीच कसोटी लावली आणि निकाल उलट बाजूला गेला : बस खासगी मालकाची व चालक त्याने नेमलेला असूनही, तो महामंडळाच्या कंडक्टरच्या सूचनांप्रमाणे बस चालवत असल्याने महामंडळ जबाबदार ठरले.

पोकलेनच्या कामाला हे लावून पाहता, साइट इंजिनिअरने चुकीची आखणी देऊन जेथे खोदायला लावले तेथेच जमिनीखालची केबल तुटली, तर ‘कोठे खोदायचे’ हा निर्णय ठेकेदाराचा असतो. परंतु ऑपरेटरने मागे न पाहता यंत्र फिरवले आणि बकेट कामगाराला लागली, तर ‘यंत्र कसे चालवायचे’ ही बाब बहुधा मालकाच्या बाजूला जाते. मर्सी खटल्याचा व्यावहारिक बोध असा की दोघांमधील कलम तिऱ्हाइताला, म्हणजे जखमी माणसाला किंवा केबलच्या मालकाला, बांधत नाही. करारातून एवढेच साधता येते की एकाला तिऱ्हाइताला भरपाई द्यावी लागली, तर दुसऱ्याने ती त्याला भरून द्यावी. आणि हे कोणत्या प्रसंगी लागू होईल, ते ‘कोठे’ आणि ‘कसे’ या विभागणीनुसार लिहिले तरच ते उपयोगी पडते.

गैरसमज ३ : जेवढे तास काम, तेवढेच भाडे.

वस्तुस्थिती : मासिक भाड्यात ठेकेदार केवळ कामाचे तास विकत घेत नाही, तर यंत्र आपल्यासाठी राखून ठेवल्याचे मोल देतो. म्हणूनच अशा करारांत किमान तासांची हमी असते. पाऊस, टिपरचा अभाव किंवा जागा न मिळणे यांमुळे चालू स्थितीतील यंत्र उभे राहिले, तर वेगळी अट नसल्यास त्या दिवसांचे भाडे द्यावे लागते. मात्र यंत्र बिघडले किंवा ऑपरेटरने खाडा केला, तर राखून ठेवलेली सेवाच उपलब्ध नसल्याने त्या दिवसांचे भाडे मागणे मालकाला अवघड जाते.

एका कल्पित पण व्यवहारात नेहमी घडेल अशा उदाहरणाने हिशेब स्पष्ट होईल. भाडे दरमहा १,२०,००० रुपये, किमान तास २००, त्यापुढील प्रत्येक तासाला ६०० रुपये आणि बिघाडाच्या दिवसाची वजावट मासिक भाड्याच्या तिसाव्या हिश्श्याने, म्हणजे ४,००० रुपये ठरली आहे. तीस दिवसांच्या महिन्यात यंत्र ४ दिवस बिघडून बंद होते, ६ दिवस टिपर नसल्याने उभे होते आणि उरलेल्या २० दिवसांत १६५ तास चालले. मालक पूर्ण १,२०,००० रुपये मागतो. ठेकेदार १६५ तासांचे ६०० रुपयांप्रमाणे ९९,००० रुपये धरतो आणि त्यातून बिघाडाचे १६,००० वजा करून ८३,००० रुपये देऊ करतो. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत : मालक बिघाड विसरतो, तर ठेकेदार बिघाडाचे दिवस दोनदा कापतो, कारण त्या दिवसांत तास न झाल्याने ते तासांच्या हिशेबातून आधीच वगळले गेले आहेत, शिवाय टिपर नसल्याचा भारही तो मालकावर टाकतो. करारानुसार देय रक्कम १,२०,००० वजा १६,००० म्हणजे १,०४,००० रुपये होते.

याच हिशेबात सहज सुटून जाणारी बाब अशी की दिवस वजा केले की किमान तासही त्याच प्रमाणात कमी व्हायला हवेत. २६ दिवसांसाठी २०० तासांचे प्रमाण १७३ तास २० मिनिटे येते. त्या महिन्यात यंत्र १८५ तास चालले असते, तर जास्तीचे ११ तास ४० मिनिटे धरून मालकाला आणखी ७,००० रुपये मिळायला हवे होते, पण मूळचे २०० तास कायम धरल्यास त्याला काहीच मिळत नाही. करारात यापैकी कोणती रीत मान्य आहे, ते स्पष्ट लिहावे.

तास मोजणारा मीटर हा पुरावा आहे, पण पुरेसा नाही, कारण इंजिन चालू असले की तो पुढे सरकतो, मग बकेट हलत असो वा नसो. म्हणून रोजच्या लॉगबुकात सुरुवातीचा व शेवटचा आकडा, उभे राहण्याचे कारण आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात. महिन्याच्या शेवटी एकदम भरलेले लॉगबुक वादात फारसे टिकत नाही.

गैरसमज ४ : यंत्र नेले तसेच परत द्यायचे, नाहीतर अनामत जप्त.

वस्तुस्थिती : कलम १६० नुसार मुदत किंवा हेतू संपताच वस्तू परत करावी लागते आणि ठेकेदाराच्या चुकीने ती वेळेवर परत न झाल्यास त्यापुढील नुकसानीला कलम १६१ प्रमाणे तोच जबाबदार असतो, पण वापराने होणारी रास्त झीज हे नुकसान नव्हे, कारण भाडे त्या वापराचेच दिलेले असते. बकेटचे दात झिजणार आणि चेनखालचे रोलर घासणार हे गृहीतच असते. बूम वाकणे, काच फुटणे किंवा बॅटरी गायब होणे ही मात्र मोडतोड किंवा हानी आहे. मुरुमातील झीज आणि काळ्या पाषाणातील झीज यांत मोठा फरक असल्याने, दात कोणी बदलायचे हे जमिनीचा प्रकार पाहून ठरवावे.

ठेकेदाराची जबाबदारी खऱ्या अर्थाने वाढते ती कराराबाहेरच्या वापराने. माती खोदण्यासाठी घेतलेल्या यंत्राला खडक फोडणारा ब्रेकर लावला किंवा ते न सांगता दुसऱ्या साइटवर नेले, तर त्या वापरात झालेल्या नुकसानीची भरपाई कलम १५४ खाली द्यावी लागते, मग काळजी कितीही घेतलेली असो. अनामत रकमेबाबत कलम ७४ चे तत्त्व असे की करारात मोठा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही. त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. त्यामुळे एका फुटलेल्या काचेसाठी संपूर्ण अनामत राखून ठेवणे समर्थनीय ठरत नाही.

यंत्र ट्रेलरवरून उतरताना आणि पुन्हा चढताना मीटरचा आकडा, डिझेलची पातळी, दात, चेन, रोलर, होज व काचा यांची संयुक्त तपासणी करून दोघांनी सही करावी, आणि भाडे ट्रेलर निघाल्यापासून सुरू होते की काम सुरू झाल्यापासून, तसेच यंत्र परत नेण्याची सूचना दिल्यावर ते कोणत्या दिवशी थांबते, हेही त्याच कागदावर नोंदवावे. हा कागद यंत्र जमिनीला लागण्यापूर्वी झाला पाहिजे, कारण पहिला बिघाड झाल्यानंतर लिहिलेल्या अटीवर दुसरी बाजू सही करत नाही.