अ‍ॅसिट्रॉम चालू असताना डोक्याला मार लागला तर

पालम तालुक्यातल्या एखाद्या गावातला प्रसंग समोर ठेवू. पासष्टीच्या आजी. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला, त्यातून हृदयाची झडप खराब झाली आणि पुढे धातूची झडप बसवावी लागली. धातूवर गुठळी धरू नये म्हणून रोज रात्री अ‍ॅसिट्रॉमची गोळी. एका पहाटे न्हाणीत पाय घसरतो आणि डोकं मागच्या बाजूनं दगडावर आपटतं. रक्त आलं नाही, नुसतं टेंगूळ. आजी बोलतात, चहा पितात. घरातले म्हणतात, "काही नाही झालं, हळद लावा आणि पडून राहा."

घात होतो तो इथंच. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि त्याचं आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात आणि साध्या धक्क्यानंही एखादी फाटते. एरवी अशी गळती गोठून आपोआप थांबू शकते. अ‍ॅसिट्रॉम, वॉरफेरिन, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबॅन किंवा अ‍ॅपिक्साबॅन चालू असेल तर ती थांबायला वेळ लागतो आणि कवटीच्या आत रक्त साचत राहतं. बाहेर जखम नाही याचा आतल्या अवस्थेशी काही संबंध नसतो.

म्हणून आजींना लक्षणांची वाट न पाहता, त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला हवं. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनीही असंच करावं. नुसती अ‍ॅस्पिरिन असेल तर धोका कमी असतो, तरी डॉक्टरांना दाखवावं. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न आवरणारी झोप, असंबद्ध बोलणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, आकडी, क्षणभर का होईना शुद्ध हरपणं, यातलं काहीही दिसलं तर थेट १०८ ला फोन करायचा. गावातून परभणी आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची गरज पडलीच तर तिथून पुढे नांदेड, असा प्रवास होऊ शकतो. त्यात जाणारा वेळ आधीच धरून चालावं.

घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. अ‍ॅसिट्रॉमचा परिणाम उलटवायला शिरेतून व्हिटॅमिन के देतात, पण ते काम करायला काही तास घेतं. रक्त गोठवणारे तयार घटक मिनिटांत काम करतात, मात्र ते सगळीकडे मिळत नाहीत. डॅबिगॅट्रानवरचा उतारा वेगळाच आहे. त्यामुळे रुग्णालयात जाताना गोळ्यांचं पाकीट, शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ आणि आयएनआरचा जुना रिपोर्ट सोबत हवा. दुखतंय म्हणून वाटेत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेऊ नये. त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि टोचल्या जागी स्नायूतही रक्त साचू शकतं.

पहिला स्कॅन चांगला आला तरी निदान पहिली रात्र आजींजवळ कुणीतरी थांबावं. हळू झिरपणारं रक्त कधी आठवड्यांनी त्रास देतं. ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला ऑक्टोबर २०२४मध्ये घरी न्हाणीघरात पडले, डोक्याला मागून मार लागला. डिसेंबरमध्ये डोकं दुखू लागलं, तपासणीत कवटीच्या आत रक्तस्राव दिसला आणि तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागली. मधे सात आठवडे गेले होते. इथे गोळ्यांचा मुद्दा नाही, उशीर किती होऊ शकतो ते कळतं. आपल्याकडे मात्र पडल्यानंतर महिनाभरानं आजी पाय ओढत चालू लागल्या, विसरू लागल्या, तर सगळे वयाकडे बोट दाखवतात.

याच गोळ्या चालू असताना घोळणा फुटण्याची गोष्ट जरा निराळी. मे महिन्यातल्या परभणीच्या कोरड्या उन्हात तो कुणाचाही फुटतो. लगेच आडवं करून डोक्यावर पाणी ओतायची घाई होते. त्यानं रक्त घशात उतरतं आणि किती गेलं ते कळत नाही. बसवावं, मान किंचित पुढे झुकवावी, हाडाखालचा नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरावा आणि तोंडानं श्वास घ्यायला सांगावं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, मधे सोडून न बघता. तोंडात आलेलं रक्त गिळू नये, थुंकावं. एवढं करूनही धार चालू राहिली, घशातून रक्त उतरत राहिलं, भोवळ आली, किंवा डोक्याला मार लागून घोळणा फुटला असेल, तर रुग्णालय गाठावं.

रक्त थांबलं तरी त्या आठवड्यात आयएनआर तपासून घ्यावा. झडपेच्या प्रकाराप्रमाणे तो साधारण २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ ठेवतात. अ‍ॅसिट्रॉमवर असताना जुलाबासाठी दिलेली मेट्रोनिडाझोलसारखी गोळी तो बराच वर नेऊ शकते. घोळणा वारंवार फुटणं, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच या आयएनआर वाढल्याच्या खुणा. यातली काळी शौच दिसली तर आयएनआरसाठी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावं. घाबरून परस्पर गोळी बंद केली तर झडपेवर गुठळी धरू शकते, म्हणून पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा हे डॉक्टरांनाच विचारावं.