बिलं 412, ओळी 431
रिपोर्ट अकराला क्लायंटकडे जायचा होता. साडेनऊला दिसलं, बिलं 412 आणि शीटमध्ये ओळी 431. डीलरच्या यादीत काही नावं दोनदा होती, त्यामुळे याद्या जोडताना त्यांची 19 बिलं दुप्पट झाली. नुसत्या बेरजेवरून हे कळत नाही, ओळीच मोजाव्या लागतात.

गुपचूप फाइल बदलायचा मोह झालाच. पण जुना आकडा मॅडमच्या स्लाइडवर आधीच चढला होता. फोन केला, "मॅडम, माझी चूक झालीय. विक्री 46.2 लाखांऐवजी 48.6 लाख दाखवलीय. फाइल बाहेर गेलेली नाही. दहापर्यंत दुरुस्त करून देते."

त्यांनी एवढंच विचारलं, "हीच यादी मागच्या महिन्यातही वापरली होतीस का?"

वापरली होती.